पत्र्यावरच्या पावसात बुडालेला आवाज: तयार चित्रणावर नवे निवेदन कसे बसवावे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

माझे वडील दापोली तालुक्यात आंब्याची लहानशी रोपवाटिका चालवतात. यंदा जुलै महिन्यात मी त्यांचे कोय कलम बांधण्याचे प्रात्यक्षिक मोबाइलवर चित्रित केले. चित्र उत्तम आले आहे, कारण मोबाइल तिवईवर होता आणि उजेडही पुरेसा होता. आवाज मात्र पूर्णपणे वाया गेला, कारण आम्ही पत्र्याच्या छपराखाली बसलो होतो आणि मध्येच पावसाची जोरदार सर आली. वडील काय बोलत आहेत हे मला अर्धेअधिक ओठांवरूनच ओळखावे लागते.

पुन्हा चित्रण करणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत शक्य नाही, कारण कोय नुकतीच रुजून रोप दहा-पंधरा दिवसांचे असतानाच त्यावर दुसऱ्या झाडाची काडी, म्हणजे कलमकाडी, बसवून पट्टीने हे कलम बांधतात. म्हणून चित्र आहे तसे ठेवून त्यावर वडिलांच्याच आवाजात नवे निवेदन बसवायचे असे ठरवले आहे. चित्रफीत ७ मिनिटे ४० सेकंदांची आहे. सुरुवातीची १४ सेकंदे आणि शेवटची ९ सेकंदे वडिलांचा चेहरा समोर दिसतो. मधल्या सर्व भागात केवळ त्यांचे हात, चाकू आणि रोप दिसते.

मी स्वतःच्या आवाजात एक प्रयत्न करून पाहिला. मोबाइलवर चित्रफीत लावून, ती पाहत पाहत, मी सलग निवेदन दुसऱ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि संगणकावर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राखाली ठेवले. पहिले दोन मिनिट सगळे बरोबर जुळते, पण पट्टी बांधण्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत माझा आवाज चित्राच्या सुमारे एक सेकंद मागे पडतो. हे का होते, आणि वडिलांचे ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी मी काय बदलावे?

---

चिमटा

नव्या ध्वनिमुद्रणाच्या भानगडीत पडण्यापूर्वी ऑडॅसिटीमध्ये `Noise Reduction` वापरून पाहा. केवळ पाऊस असलेला तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा आणि मग संपूर्ण फितीवर ती प्रक्रिया लावायची. माझ्या घरच्या पंख्याचा आवाज मी असाच काढला होता.

आवाज मागे पडण्याचे कारण मात्र मला ठाऊक आहे. चित्रफितीतला ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या मोजण्यांचा, असतो आणि आपल्या दुसऱ्या मोबाइलने ४४,१०० नमुन्यांवर मुद्रण केले असणार. दोन्ही समान करा, प्रश्न मिटेल.

---

अर्धविराम

चिमटा यांनी सांगितलेली दोन्ही कारणे खऱ्या जगात आढळणारी आहेत, परंतु या प्रकरणात ती लागू पडत नाहीत, आणि ती का लागू पडत नाहीत हे समजले तर पुढचे बरेच काम सोपे होईल. मी गेली अनेक वर्षे माहितीपटांचे ध्वनिसंकलन करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पंख्याची घरघर एकसारखी असते आणि आपण माइकजवळ बोललो तर ती आवाजाच्या बरीच खाली राहते, त्यामुळे ती वजा करता येते. पत्र्यावरचा पाऊस प्रत्येक क्षणी बदलतो, माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात असतो तो सारा पट्टा व्यापतो आणि येथे तर तो बोलण्याहून मोठा आहे. जो आवाज गोंगाटाच्या खाली गेला त्याला वर काढण्याचा प्रयत्न केला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटू लागतो. खाडीकाठ यांनी एकदा करून पाहायला हरकत नाही. पण त्यातून एवढेच साधेल की वडील मुळात काय बोलले ते थोडे अधिक कळेल. त्याचाही उपयोग आहे, तो पुढे सांगते.

आता घसरणीविषयी. ४४,१०० नमुन्यांची फीत कोणी ४८,००० समजून वाजवली तर ४६० सेकंदांचे निवेदन ४२३ सेकंदांत संपेल, म्हणजे फरक एका सेकंदाचा नव्हे तर ३७ सेकंदांचा पडेल, आवाज चिरका होईल आणि निवेदन मागे न पडता पुढे धावेल. त्यामुळे ते कारण बाद झाले. दुसरी शंका अशी असते की आवाज सुरुवातीपासूनच सारख्या अंतराने मागे आहे. तसे असते तर तो फक्त डावीकडे सरकवून भागले असते. आपला फरक शून्यापासून हळूहळू वाढत जातो, म्हणजे चित्र आणि ध्वनी दोन वेगवेगळ्या गतींनी चालले आहेत. मोबाइलच्या चित्रणात याचे नेहमीचे कारण चौकटींचा, म्हणजे चित्रफीत ज्या स्थिर चित्रांची बनते त्यांचा, बदलता वेग हे असते. उजेड कमी-जास्त झाला किंवा मोबाइल तापला की तो सेकंदाला नेमक्या ३० चौकटी न घेता कधी २९, कधी ३० घेतो. मोबाइलवरचा प्लेअर प्रत्येक चौकटीची वेळ पाहून ती दाखवतो, म्हणून तेथे सर्व काही ठीक दिसते. काही संकलन सॉफ्टवेअर मात्र सरसकट ३० धरून चालतात, आणि मग चित्र थोडे लवकर संपते. संगणकावर ffmpeg या मोफत साधनसंचातील खालील आज्ञा चालवून काय उत्तर येते ते येथे लिहा.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate kalam.mp4
```

---

परसबाग

विषय वाचून आनंद झाला. माझ्या अंगणात रायवळ आंब्याची तीन रोपे आली आहेत, परंतु ती वर्षभराची झाली आहेत. त्यांच्यावर असे कलम बांधता येईल का? आणि पट्टी किती दिवसांनी सोडायची?

---

खाडीकाठ

परसबाग, वडिलांना विचारले. वर्षभराच्या रोपावर कोय कलम होत नाही, त्यासाठी व्हिनियर किंवा मृदुकाष्ठ कलम करतात असे ते म्हणाले. सविस्तर उत्तर आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, म्हणजे हा धागा आवाजापुरता राहील.

अर्धविराम, उत्तरात `r_frame_rate` ३० दिसते आणि `avg_frame_rate` चा अपूर्णांक भागल्यावर २९.९३ येतात.

---

अर्धविराम

मग हिशेब जुळला. ४६० सेकंदांत २९.९३ प्रमाणे सुमारे १३,७६८ चौकटी घेतल्या गेल्या. त्या सेकंदाला ३० प्रमाणे वाजवल्या तर ४५८.९ सेकंदांत संपतात, म्हणजे चित्र एक सेकंद आधी संपते आणि आवाज तेवढाच मागे पडल्यासारखा वाटतो. संकलनाला हात लावण्यापूर्वी चित्रफितीची स्थिर वेगाची प्रत काढून घ्या आणि यापुढे वेळेच्या सर्व नोंदी त्याच प्रतीवरून करा. मोबाइलवर पाहून केलेली एकही नोंद वापरू नका.

```
ffmpeg -i kalam.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a pcm_s16le kalam_30.mov
```

मूळ ध्वनी या प्रतीत राहू द्या. डबिंगच्या धंद्यात त्याला पायलट म्हणतात. तो अंतिम फितीत नसला तरी वडील कोणत्या क्षणी काय म्हणाले हे त्यावरूनच कळते, आणि चिमटा यांच्या पद्धतीने थोडा साफ केला तर ते अधिक स्पष्ट कळेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सलग पावणेआठ मिनिटे बोलून निवेदन चित्रावर बसत नाही. वेगाचा दोष नसता तरी ते बसले नसते, कारण माणूस एका ठिकाणी अर्धा सेकंद रेंगाळला की पुढचे सगळे तेवढे सरकते. प्रत्येक शॉटचे निवेदन स्वतंत्र मुद्रित करून स्वतंत्र ठेवायचे असते.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीहून लिहितो आहे. आमच्या मंडळाने गणेशोत्सवात केलेल्या नाटकाचे चित्रण माझ्याकडे आहे आणि कॅमेरा सभागृहाच्या मागे असल्याने संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. मी कलाकारांना घरी बोलावून संवाद पुन्हा म्हणवून घेण्याच्या विचारात आहे. पहिल्या प्रवेशाचा प्रयत्न झाला, परंतु प्रत्येक वाक्य थोडेसे उशिरा पडते. कलाकार कानात मूळ संवाद ऐकून लगेच बोलत होते, तरीही हा उशीर राहिला. तो वाढत नाही, शेवटपर्यंत सारखाच आहे.

---

अर्धविराम

हडसनकाठ, आपल्या कलाकारांच्या कानात ब्लूटूथचे हेडफोन होते का? तसे असल्यास कारण तेच आहे. ब्लूटूथवर ध्वनी कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो आणि संकलन सॉफ्टवेअर बहुधा त्याची भरपाई करत नाही. साधे वायरचे हेडफोन वापरा. जे मुद्रण झाले आहे ते टाकून देऊ नका. सगळी वाक्ये एकाच मापाने मागे असतील तर ती एकत्र निवडून डावीकडे सरकवता येतील.

आपले काम मात्र खाडीकाठ यांच्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. ओठ दिसत असताना संवाद बसवणे म्हणजे खरे डबिंग, आणि नाटकात चार माणसे एकमेकांचे वाक्य तोडून बोलतात, प्रेक्षकांचा हशा मध्ये येतो, तो हशा नव्या ध्वनीत कोठून आणणार? सभागृहाच्या ध्वनियोजनेवर त्या दिवशी कोणी मुद्रण केले होते का, हे आधी विचारा. तशी फीत मिळाली तर काहीही पुन्हा बोलावे लागणार नाही, फक्त दोन फितींतील एखादी टाळी किंवा दरवाजाचा आवाज जुळवून घ्यावा लागेल.

---

हडसनकाठ

ब्लूटूथच होते. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोन करतो.

---

मोगरी

मी शाळेसाठी विज्ञानाच्या प्रयोगांच्या फिती करते आणि आवाज नेहमी नंतरच घालते, म्हणून संहितेविषयी लिहिते. सर्वांत मोठी चूक मी सुरुवातीला ही केली की निबंधासारखे लिहिले आणि मग ते चित्रात कोंबले. आता मी आधी वाचणाऱ्या व्यक्तीचा वेग मोजते. वडिलांना कुठलाही दोनशे शब्दांचा मजकूर त्यांच्या नेहमीच्या गतीने वाचायला सांगा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटे लागली तर मिनिटाला शंभर शब्द. त्यावरून प्रत्येक शॉटमध्ये किती शब्द मावतात ते निघते आणि त्यातूनही मी एक चतुर्थांश जागा मोकळी सोडते, कारण हात काम करताना पाहायला प्रेक्षकाला शांतता लागते.

---

खाडीकाठ

मोगरीताई, वडिलांचा वेग फोनवर मोजला, तो बरोबर मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास निघाला. आता एक शॉट नमुन्यादाखल देतो. २:१४ ते २:३२, म्हणजे १८ सेकंदे. यात कलमकाडीच्या टोकाला पाचरीचा आकार देतात. चाकू २:१८ ला काडीला लागतो, पहिला काप २:२१ ला पूर्ण होतो, २:२४ ला काडी उलटवतात, २:२५ ला दुसरा काप सुरू होतो आणि २:२९ ला पाचर कॅमेऱ्यासमोर धरतात. मी लिहिलेला मजकूर असा आहे:

«आता आपण आपल्या डाव्या हातात कलमकाडी घेऊन धारदार चाकूच्या साहाय्याने तिच्या खालच्या टोकाला दोन्ही समोरासमोरच्या बाजूंनी साधारण चार ते पाच सेंटीमीटर लांबीचे तिरके काप अशा रीतीने द्यायचे आहेत की त्या टोकाला पाचरीसारखा आकार प्राप्त होईल आणि काप गुळगुळीत राहील.»

हे ३९ शब्द आहेत आणि हिशेबाने २३ सेकंदे लागतात. पाच सेकंदे कशी वाचवावीत?

---

चिमटा

सॉफ्टवेअरमध्ये वेग वीस-पंचवीस टक्के वाढवा. हल्ली स्वर न बदलता वेग बदलतो, कोणाला कळणारही नाही.

---

अर्धविराम

कळते. स्वर बदलत नाही हे खरे, परंतु शंभर शब्दांच्या गतीने बोलणारा माणूस सव्वाशेच्या गतीने ऐकू आला की तो गडबडीत आहे असे वाटते, आणि ज्यांनी वडिलांना बोलताना ऐकले आहे त्यांना तर लगेच खटकेल. माझ्या अनुभवात तीन-चार टक्क्यांपर्यंतचा बदल खपून जातो, पाचाच्या पुढे कान टोचू लागतो. त्याआधी शब्दांमधले विराम कापून पाहावेत. एका वाक्यात अर्धा-पाऊण सेकंद सहज निघतो. पण येथे पाच सेकंदांची गोष्ट आहे, ती संहितेतच सोडवली पाहिजे.

खाडीकाठ यांच्या वाक्यात लांबीपेक्षाही मोठी अडचण रचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. २:१४ ला वाक्य सुरू केले तर «द्यायचे आहेत» हे शब्द सोळा-सतरा सेकंदांनंतर उच्चारले जातील, तेव्हा दोन्ही काप होऊन पाचर कॅमेऱ्यासमोर आलेली असेल. म्हणजे डोळ्यांना दिसणारी कृती आणि तिचे नाव यांची भेटच होत नाही. चित्राखाली लिहिताना मराठी वाक्य तोडून लहान करावे लागते आणि वस्तूचे नाव पुढे आणावे लागते, क्रियापद गाळले तरी चालते, कारण क्रिया समोर दिसतेच आहे. मी असे लिहीन:

«काडीच्या खालच्या टोकाला पाचर करायची.» हे २:१४ नंतर अर्ध्या सेकंदाने.
«एक काप या बाजूने, चार-पाच सेंटीमीटरचा.» हे २:१८ ला, चाकू लागतानाच.
«तेवढाच दुसऱ्या बाजूने.» हे २:२५ ला.
«काप एका ओढीत, गुळगुळीत.» हे २:२९ नंतर, पाचर समोर दिसत असताना.

एकूण १८ शब्द होतात, ते बोलायला अकरा सेकंदे लागतील आणि सात सेकंदे मोकळी राहतील. धारदार चाकू आणि डावा हात हे चित्रातच दिसते, त्यामुळे ते सांगण्याची गरज उरत नाही.

---

मोगरी

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे, मात्र एका बाबतीत नाही. चाकू लागतानाच «एक काप या बाजूने» म्हटले तर विद्यार्थ्याचे लक्ष वाक्याकडे जाईपर्यंत काप होऊन गेलेला असतो. शिकवण्याच्या फितीत शब्द कृतीच्या एक-दीड सेकंद आधी यावा, म्हणजे कोठे पाहायचे ते आधी कळते. मी हे वाक्य २:१६.५ ला ठेवले असते.

---

अर्धविराम

मग पहिले वाक्य आणि हे वाक्य यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा राहणार नाही. शिवाय हाताने काही केले नसताना आवाजाने सांगून टाकले की चित्र उत्तरासारखे येते आणि त्यातली उत्सुकता जाते. माहितीपटात आम्ही चित्र आधी आणि शब्द किंचित नंतर हीच सवय ठेवतो. आपण वर्गात शिकवता, आपला अनुभव वेगळा असू शकतो. खाडीकाठ यांनी दोन्ही प्रकारे ठेवून रोपवाटिकेतल्या एखाद्या नव्या मुलाला दाखवावे.

---

खाडीकाठ

दोन्ही करून पाहीन. आणखी एक अडचण आहे. वडिलांचे म्हणणे असे की काडी तीन-चार महिन्यांच्या पक्व फांदीचीच हवी आणि ती कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून काढलेली हवीत, हे सांगितल्याशिवाय फितीला अर्थ नाही. काडी निवडण्याचा शॉट मात्र जेमतेम ११ सेकंदांचा आहे. तो शॉट गोठवून लांबवावा का?

---

अर्धविराम

हलत्या हाताचा शॉट मध्येच थांबला तर प्रेक्षकाला वाटते की फीत अडकली. शिवाय आपण चित्राची वेळ आहे तशी ठेवण्याचे ठरवले आहे, आणि एका ठिकाणी लांबवले की पुढच्या सगळ्या नोंदी बदलतात. आपल्याकडे लांब शॉट कोणता आहे ते पाहा. पट्टी गुंडाळण्याचा असणार.

---

खाडीकाठ

होय, पट्टी गुंडाळण्याचा शॉट ५२ सेकंदांचा आहे आणि त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

---

अर्धविराम

मग काडीच्या शॉटमध्ये फक्त «काडी तीन-चार महिन्यांच्या पक्व फांदीची» एवढे ठेवा आणि पाने काढण्याची माहिती पट्टीच्या शॉटमध्ये न्या. पट्टी गुंडाळताना हात एकच क्रिया पुनःपुन्हा करतात, डोळ्यांना नवे काही नसते, तेव्हा कान मोकळे असतात. मात्र तेथे «ही काडी» असे म्हणू नका, कारण त्या वेळी काडी पट्टीखाली झाकलेली असेल. «आपण वापरलेल्या काडीची पाने दहा दिवस आधीच काढली होती» असे भूतकाळात सांगा.

आता वडिलांच्या ध्वनिमुद्रणाविषयी. ते गावी आहेत, म्हणून आपण तेथे जाऊन करणे उत्तम, आणि पाऊस पूर्ण थांबल्यावरच करा. घरातली सर्वांत लहान आणि सामानाने भरलेली खोली निवडा. गाद्या आणि गोधड्या असलेली अडगळीची खोली रिकाम्या दिवाणखान्यापेक्षा कितीतरी बरी, कारण उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. पंखा आणि फ्रिज बंद करा, फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नका. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, पण अगदी समोर नव्हे, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे «प» आणि «फ» म्हणताना फुंकर माइकवर आदळत नाही. एकदा मोबाइलची जागा ठरली की शेवटपर्यंत हलवू नका, नाहीतर प्रत्येक तुकड्यात आवाजाचा पोत बदलतो. शेवटी कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करा. दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते.

चित्र पाहत बोलायला सांगू नका. वयस्क माणसाला एकाच वेळी कागद, पडदा आणि बोलणे जमत नाही, आणि जमले तरी आवाजात ताण येतो. प्रत्येक वाक्याआधी आपण क्रमांक सांगा, एक सेकंद थांबा, मग त्यांनी ते तीनदा म्हणावे. वेळेत बसवण्याचे काम नंतर आपण संगणकावर करायचे आहे.

---

मोगरी

आकडे अक्षरांत लिहून द्या. मी एकदा «१.५» लिहिले होते, वाचणाऱ्याने एकदा «दीड» म्हटले आणि दुसऱ्या टेकमध्ये «एक पूर्णांक पाच», ज्याला दुप्पट वेळ लागला. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश म्हणून मागवू नका, त्यात ती दाबली जाते. मागवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

---

खाडीकाठ

दोन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. गावी जाऊन मुद्रण केले. कागदावरून वाचताना वडिलांचा आवाज शाळेतल्या वाचनासारखा येत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी एक वेगळी युक्ती केली. मी त्यांच्यासमोर एक काडी आणि चाकू ठेवला आणि वाक्य आधी मी म्हणायचो, मग ते आपल्या शब्दांत म्हणायचे. «गुळगुळीत» च्या जागी ते «साफ» म्हणाले, तेही ठेवले. ३१ तुकडे झाले. त्यातील २७ जागच्या जागी बसले, तीन तुकड्यांमधले विराम कापावे लागले आणि एकाचा वेग तीन टक्के वाढवावा लागला. स्थिर वेगाच्या प्रतीवर घसरण अजिबात उरली नाही.

मात्र एक नवाच दोष दिसतो. निवेदन स्वच्छ आहे, पण चित्र मृत वाटते. मागे पाऊस पडताना दिसतो आणि ऐकू काहीच येत नाही.

---

चिमटा

मूळ ध्वनी हळू करून खाली ठेवा, पाऊस आपोआप येईल.

---

अर्धविराम

दिशा बरोबर आहे, पण मूळ ध्वनीत वडील ओरडून बोलत आहेत. तो जसाच्या तसा खाली ठेवला तर नव्या वाक्याखाली जुने वाक्य कुजबुजत राहील आणि दोन वडील एकदम बोलल्यासारखे वाटेल. पायलटमध्ये वडील गप्प आहेत असा दहा-पंधरा सेकंदांचा पावसाचा तुकडा शोधा, त्याच्याच प्रती एकापुढे एक ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर दोन सेकंदे एकातून दुसऱ्यात मिसळा. छोटा तुकडा घेऊ नका, कारण एखादा मोठा थेंब टणकन वाजलेला असेल तर तो दर तीन सेकंदांनी वाजतो आणि कान ते लगेच पकडतात. या पावसाची पातळी निवेदनाच्या सुमारे वीस डेसिबल खाली ठेवून सुरू करा आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ठरवा, कारण शेतकरी तेथेच ऐकणार आहेत.

चाकूचा आवाज हवा असेल तर तो वेगळा मुद्रित करा. ओल्या काडीवर चाकू ओढून माइकजवळ धरला की तो मिळतो. तो दोन्ही कापांच्या जागी नेमका बसवावा लागेल, तेथे एक-दोन चौकटींचीही चूक दिसते. आवाज आधी आला तर अधिक खटकतो, किंचित उशिरा आला तर चालून जातो, कारण दूरचा आवाज उशिरा पोहोचण्याची सवय आपल्याला जन्मापासून असते.

सगळे मिश्रण एका `wav` फाइलमध्ये काढल्यावर चित्राला पुन्हा न दाबता ते असे जोडा:

```
ffmpeg -i kalam_30.mov -i mishran.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k kalam_final.mp4
```

बऱ्याच ठिकाणी यात `-shortest` घालायला सांगतात. येथे घालू नका, मिश्रण अर्धा सेकंद जरी लहान निघाले तरी चित्राचे शेपूट कापले जाते.

---

खाडीकाठ

पाऊस ठेवला, फरक मोठा आहे. आता राहिला तो चेहऱ्याचा भाग. सुरुवातीची १४ सेकंदे वडील «नमस्कार» म्हणून स्वतःची ओळख करून देतात. तेच शब्द पुन्हा मुद्रित केले, लहान तुकडे करून ओठांशी जुळवले, तरी «रोपवाटिका» या शब्दाशी ओठ चुकतातच.

---

हडसनकाठ

ओठ मिटणारे «प», «ब», «म» तेवढे जुळवा, बाकीचे कोणी पाहत नाही, असे आमच्या नाटकातल्या एका अनुभवी कलाकाराने सांगितले. तसे जुळवल्यावर आमचा पहिला प्रवेश पुष्कळ सुधारला. ध्वनियोजनेवरची फीत मात्र पुसली गेली आहे असे कळले.

---

अर्धविराम

कलाकाराचे म्हणणे बरोबर आहे. «रोपवाटिका» मध्ये तर «प» आणि «व» लागोपाठ आहेत, म्हणून आधी «प» ला ओठ मिटण्याची चौकट शोधा आणि शब्द तेथून दोन्हीकडे बसवा. तरीही मी सुचवीन की हे १४ सेकंदांचे डबिंग करूच नका. पहिली पाच सेकंदे मूळ ध्वनी पूर्ण पातळीवर ठेवा, पाऊस आणि त्यात ओरडून «नमस्कार» म्हणणारे वडील, आणि मग तो पाऊस खाली नेत रोपांच्या रांगांचे चित्र दाखवून त्यावर नव्या आवाजातली ओळख सुरू करा.

---

मोगरी

मी असे करणार नाही. पहिल्याच पाच सेकंदांत आवाज खराब ऐकू आला तर माझे विद्यार्थी फीत बंद करतात. ओळख सरळ रोपांच्या चित्रावर सुरू करावी आणि चेहरा आवाजाविना, केवळ पावसासह, शेवटी दाखवावा.

---

खाडीकाठ

शेवटच्या ९ सेकंदांतही ते काहीतरी बोलतात, तेही मोठ्याने हसत. आवाज साफ करूनही शब्द लागले नाहीत आणि वडिलांनाही आता आठवत नाही. त्यामुळे तेथे नवा आवाज घालण्याचा प्रश्नच नाही, तेवढी ९ सेकंदे मूळ ध्वनीसहच राहतील. सुरुवातीच्या दोन्ही आवृत्त्या तयार करून उद्या दुवे देतो.

---

परसबाग

दोन्ही पाहीन. पट्टी किती दिवसांनी सोडायची हे निवेदनात आले आहे ना?

---

खाडीकाठ

नाही, तेच राहिले. पट्टीच्या शॉटमध्ये अजून सहा सेकंदे मोकळी आहेत, दहा शब्दांत सांगता येईल का ते वडिलांना विचारतो. गोधड्यांच्या खोलीत मोबाइल कोठे ठेवला होता त्यावर खूण करून ठेवली आहे, त्यामुळे आवाजाचा पोत जुळावा.